एकाच कीवर्डला ४, ४१ आणि ‘हाय’: केडीचा आकडा वाचायला मी कशी शिकले

कामाला लागून दोनच महिने झाले होते. गांडूळ खत विकणाऱ्या एका छोट्या व्यावसायिकाच्या साइटसाठी मी ‘गांडूळ खत कसे तयार करावे’ हा कीवर्ड तपासला. अहरेफ्स या टूलच्या फुकट चेकरने पहिल्या पानावर येण्याचा अवघडपणा, म्हणजे कीवर्ड डिफिकल्टी किंवा केडी, ४ दाखवला, मॉझ या दुसऱ्या टूलने ४१, आणि गूगल कीवर्ड प्लॅनरमध्ये कॉम्पिटिशन ‘हाय’. मला ४ आवडला, म्हणून तोच खरा मानला. तीन महिन्यांत पहिल्या पानावर येऊ असं मी त्यांना सांगून बसले. चौथ्या महिन्यातही आमचं पान तिसऱ्या पानावरच होतं.

तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर होते. ते तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत होते, आणि ते प्रश्न कोणते हे मी पाहिलंच नव्हतं.

प्लॅनरचा ‘हाय’ आधी बाजूला काढू, कारण नवखे सगळ्यात जास्त इथेच फसतात. त्या शब्दावर किती जाहिरातदार बोली लावतात, एवढंच तो सांगतो. खत विकणारे जाहिराती देत असतील तर कॉम्पिटिशन वाढते. लेख वर आणायला किती कष्ट पडतील याच्याशी तिचा संबंध नाही.

अहरेफ्सचा केडी फक्त बाहेरून आलेल्या लिंक मोजतो. गूगलच्या पहिल्या दहा निकालांतल्या प्रत्येक पानाला किती वेगवेगळ्या साइट्सनी लिंक दिली आहे हे पाहून, टोकाचे आकडे वगळून सरासरी काढतात आणि ती ० ते १०० च्या लॉग मापावर बसवतात. त्यामुळे पायऱ्या सारख्या उंचीच्या नसतात. त्यांच्याच अंदाजानुसार केडी १० म्हणजे साधारण १० साइट्सच्या लिंक, २० म्हणजे २२, पण ८० ला ३५० च्या आसपास आणि ९० ला साडेसातशेच्या पुढे. म्हणून ‘केडी ४० हा २० च्या दुप्पट अवघड’ असं म्हणता येत नाही.

मॉझ त्या पानांबरोबर त्यांच्या मूळ साइटची ताकदही धरतो, म्हणजे पेज ऑथॉरिटी आणि डोमेन ऑथॉरिटी. माझा घोटाळा नेमका इथे झाला. मी गूगलवर ते दहा निकाल एकेक करून उघडले, तेव्हा वर मोठ्या दैनिकांच्या साइट्स, एक सरकारी साइट आणि यूट्यूबचे व्हिडिओ होते. मराठी लेखांना बाहेरून फारसं कोणी लिंक देत नाही, त्यामुळे त्या पानांच्या स्वतःच्या लिंक नगण्य होत्या आणि केडी ४ आला. पण ती पानं बलाढ्य साइट्सच्या खांद्यावर बसलेली होती. मॉझच्या ४१ मध्ये ते वजन आलं होतं. सेमरश हे आणखी एक टूल याशिवाय निकालातले व्हिडिओ, उत्तराचे चौकोन अशा गोष्टीही धरतो, म्हणून त्याचा आकडा आणखी वेगळा येऊ शकतो.

त्यात वेबवर फिरून लिंक गोळा करणारा क्रॉलर प्रत्येक टूलचा वेगळा. एकाला दिसलेली लिंक दुसऱ्याला दिसलेलीच नसते, आणि निकाल कोणत्या दिवशी, कोणत्या देशासाठी नोंदले यावरही आकडा हलतो. देश ‘इंडिया’ निवडलाय ना, हे आधी पाहा. देवनागरीतला शब्द आणि ‘gandul khat’ असं रोमनमध्ये टाइप केलेला शब्द टूलसाठी दोन वेगळे कीवर्ड असतात, हेही लक्षात ठेवा.

आता मी दोन टूलचे आकडे एकमेकांशी ताडून पाहत नाही आणि त्यांची सरासरी तर मुळीच काढत नाही. एकच टूल धरते आणि आधी साइटची स्वतःची पट्टी तयार करते. आपली साइट कोणत्या शोधांत कुठे दिसते हे सांगणाऱ्या गूगल सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स रिपोर्टमध्ये सरासरी पोझिशन १० च्या आत असलेल्या दहा-पंधरा क्वेरी घ्यायच्या आणि त्यांचे केडी त्या एकाच टूलमध्ये पाहायचे. त्या खतवाल्यांच्या साइटला मॉझवर १८ च्या वरचं काहीही पहिल्या पानावर आणता आलेलं नव्हतं. ही पट्टी आधी असती तर ४१ पाहताच मी थांबले असते. फुकट खात्यात महिन्याला मोजक्याच शोधांची मुभा असते, म्हणून हे काम एका बैठकीत उरकू नका.

पट्टीत बसणारे शब्द निवडले की मी दहाही निकाल उघडते आणि एकच गोष्ट शोधते: विचारलेल्या प्रश्नाला पानाने थेट उत्तर दिलंय का? ‘गांडूळ खत बेड किती फुटाचा असावा’ या क्वेरीला टूलमध्ये आकड्याऐवजी नुसती रेघ होती. रेघ म्हणजे सोपं नव्हे, टूलकडे माहितीच नाही. पण निकाल उघडल्यावर दिसलं की दहापैकी आठ पानांवर गांडूळ खताचे फायदे होते आणि बेडचं माप कुठेच नव्हतं. मालकांनी त्यांच्याकडच्या १२ बाय ४ बाय २ फुटांच्या बेडचे फोटो, त्यात लागणारं शेण आणि पाणी किती, हे सगळं सांगितलं, तेच मी लिहिलं. ते पान पाच आठवड्यांत सातव्या क्रमांकावर आलं.