शेवटचं गाणं फाटतंय? नवी सुई मागवण्याआधी या चुका तपासा

भाच्यानं पहिला टर्नटेबल घेतला आणि आठवड्यानं त्याचा फोन आला. "मावशी, सुई खराब आलीये बहुतेक. पहिली दोन-तीन गाणी छान वाजतात, पण शेवटच्या गाण्यात गायिकेचा प्रत्येक 'स' थुंकल्यासारखा येतो." मी त्याला एवढंच विचारलं, की हे एकाच रेकॉर्डला होतंय की सगळ्यांना? सगळ्यांना, म्हणाला. म्हणजे दोष रेकॉर्डचा नव्हता, मांडणीचा होता. तक्रार एकाच रेकॉर्डपुरती असेल तर ती रेकॉर्ड मळलेली किंवा झिजलेली असते. सगळ्या रेकॉर्डवर तीच असेल तर सुईकडे आणि आर्मकडे वळायचं.

दोष नेमका शेवटच्या गाण्यातच का ऐकू येतो, हे आधी समजून घ्या, पुढचं सगळं सोपं होईल. एलपी मिनिटाला 33⅓ फेऱ्या घेते, म्हणजे एक फेरी 1.8 सेकंदांची. कडेजवळ एका फेरीत सुईखालून सुमारे 90 सेंटिमीटर खाच सरकते. लेबलजवळ पोचेपर्यंत तीच फेरी 40 सेंटिमीटरच्याही आत संपते. वेळ तेवढाच आणि जागा निम्म्याहून कमी, त्यामुळे आवाजाची वळणं खाचेत दाटीवाटीनं कोरलेली असतात. 'स', 'श', झांजा हे उंच स्वर तर सगळ्यात बारीक वळणांचे. सुई जराही कमी पडत असेल तर ती आधी तिथेच घसरते.

पहिली चूक: सुईला लागलेला कापूस न पाहणं

मोबाइलचा टॉर्च लावा आणि सुईकडे समोरून बघा. टोकाला करडा पुंजका दिसला, तर तो सुईला खाचेत पूर्ण बसूच देत नाही. आवाज आधी मंद होतो आणि मग फाटतो. अगदी नव्या रेकॉर्डवरही कागदी पाकिटाची धूळ असते, म्हणून "नवीच तर आहे" असं म्हणून ती तशीच लावू नका.

सुई साफ करायची ती मागून पुढे, म्हणजे आर्मच्या बाजूकडून आपल्याकडे, मऊ छोट्या ब्रशनं. उलट दिशेनं किंवा आडवं ओढलं तर जिच्यावर हिरा बसवलेला असतो ती बारीक नळी वाकते, आणि वाकलेली नळी सरळ करता येत नाही. बोटानं तर कधीच पुसू नका.

भाच्याची सुई मात्र स्वच्छ निघाली.

दुसरी चूक: वजनाच्या चकतीवर डोळे मिटून विश्वास ठेवणं

त्याच्या कार्ट्रिजला, म्हणजे सुई बसवलेल्या छोट्या डबीला, 1.8 ते 2.2 ग्रॅम दाब हवा होता, 2 ग्रॅम उत्तम. आर्मच्या मागच्या वजनाला लागून असलेल्या आकड्यांच्या चकतीवर 2 हाच आकडा होता. मी माझा सुईचा वजनकाटा नेला, त्यावर सुई टेकवली, तर 1.2 दिसले. 0.8 ग्रॅम कुठे गेले?

मी त्याला म्हटलं, वजन कसं लावलंस ते मला करून दाखव. त्यानं सगळं बरोबर केलं, फक्त सुईवरचं प्लास्टिकचं टोपण न काढता आर्म तोलला. टोपणासकट आर्म समतोल झाला, मग 2 ग्रॅम लावले, आणि वाजवताना टोपण काढलं. टोपणाचं वजन जेवढं, तेवढा दाब कमी झाला. टोपण काट्यावर ठेवलं तर बरोबर 0.8 ग्रॅम भरलं. सुई मोडेल या भीतीनं बहुतेक नवे लोक टोपण ठेवूनच तोलतात. काळजीपोटी केलेली चूक आहे, पण तिची किंमत रेकॉर्डला द्यावी लागते.

कारण कमी वजन म्हणजे रेकॉर्डची काळजी, हा समज उलटा आहे. दाब अपुरा असेल तर सुई खाचेच्या भिंतींवर टेकून न राहता उडत, आदळत जाते. हिरा व्हायनिलपेक्षा कितीतरी कठीण, त्यामुळे त्या आदळण्याच्या खुणा भिंतीवर कायमच्या राहतात. कंपनीनं दिलेल्या मर्यादेत राहून वजन मध्यावर किंवा किंचित वर ठेवणं हे मर्यादेखाली जाण्यापेक्षा केव्हाही सुरक्षित.

आता योग्य क्रम. आधी टर्नटेबल सपाट आहे ना ते प्लॅटरवर पाणसळ ठेवून बघा. आर्मची मध्याकडची ओढ तोलणारी अँटी-स्केटिंगची खुंटी शून्यावर आणा. सुईचं टोपण काढा. आर्म स्टँडवरून सोडा, लिफ्टचा दांडा खाली करा आणि आर्म प्लॅटरच्या बाहेरच धरून ठेवा, म्हणजे सुई कशावर टेकणार नाही. मागचं वजन हळूहळू फिरवत आर्म आडवा तरंगेल असं करा, पुढे झुकायला नको आणि मागेही उठायला नको. इथे घाई करू नका. आर्म हातातून सोडल्यावर तो काही क्षण डोलतो आणि मग थांबतो, तो थांबेपर्यंत वाट पाहा.

मग आर्म स्टँडवर अडकवा. वजन एका हातानं घट्ट धरा आणि त्याच्या पुढची आकड्यांची चकती तेवढी फिरवून शून्य खुणेसमोर आणा. ही पायरी गाळली तर पुढचे सगळे आकडे निरर्थक ठरतात. शेवटी वजन आणि चकती एकत्र फिरवून 2 वर या. अँटी-स्केटिंगही 2 वर ठेवून सुरुवात करा. नंतर फक्त उजवा स्पीकर फाटत असेल तर अँटी-स्केटिंग थोडं वाढवा, फक्त डावा फाटत असेल तर थोडं कमी करा. फिरत्या रेकॉर्डवर आर्म आपोआप मध्याकडे ओढला जातो, त्यामुळे सुई खाचेच्या आतल्या भिंतीवर जास्त रेलते. ती भिंत डाव्या चॅनलची, बाहेरची उजव्याची. अँटी-स्केटिंग ती ओढ तोलून धरतं.

टोपण काढून तोलल्यावर काट्यावर 2.0 आले. तेच शेवटचं गाणं पुन्हा लावलं. 'स' स्वच्छ आला, फक्त एका रेकॉर्डवर थोडी फरफर राहिली. आठवडाभर तो तीच पुन्हा पुन्हा वाजवत होता. ती झीज आता जाणार नाही.

वजन बरोबर असूनही शेवट फाटत असेल तर कार्ट्रिज आर्मच्या टोकावरच्या हेडशेलमध्ये तिरकं किंवा पुढेमागे बसलं असेल. त्यासाठी प्रोट्रॅक्टर नावाचा छापील पट्टा मिळतो. सुई त्याच्या दोन्ही बिंदूंवर टेकवायची आणि दोन्ही ठिकाणी कार्ट्रिजच्या बाजू रेषांना समांतर येतात का ते बघायचं. मागचं वजनच नसलेल्या छोट्या, बॅगेसारख्या प्लेअरवर यातलं काहीच बदलता येत नाही. तिथे शेवटच्या गाण्याची अपेक्षा बेतानंच ठेवा.

धुताना

टकटक आवाज येतोय म्हणून लगेच धुवायला घेऊ नका, आधी मोजा. टक दर 1.8 सेकंदांनी ठेक्यात येत असेल तर तो ओरखडा आहे, धुऊन जाणार नाही. कधीही, कुठेही तडतडत असेल तर ती धूळ किंवा स्थिर वीज, आणि तिचा इलाज आहे.

रोजच्यासाठी कार्बन फायबरचा ब्रश पुरतो. रेकॉर्ड फिरत असताना तो खाचांवर हलका टेकवा, दोन-तीन फेऱ्या होऊ द्या आणि मग बाहेरच्या कडेकडे सरकवत उचला. ब्रश दाबला तर धूळ खाचेत आणखी खाली जाते.

ओलं धुणं जुन्या, बोटांचे ठसे पडलेल्या रेकॉर्डसाठी. नळाचं पाणी वापरू नका, ते वाळल्यावर त्यातले क्षार खाचेतच राहतात. डिस्टिल्ड वॉटर घ्या, लिटरभरात बिनवासाच्या, बिनरंगाच्या सौम्य साबणद्रवाचे दोन-चार थेंब पुरे. मऊ मायक्रोफायबरनं खाचेच्या दिशेनं, गोल फिरवत पुसा, आडवं कधीच नको. लेबल कोरडं ठेवा. त्यानंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरनं पुन्हा एकदा पुसणं लोक हमखास विसरतात, आणि मग धुतल्यावरच आवाज जास्त खरखरीत झाला म्हणून तक्रार करतात. तो साबणाचा थर असतो, पहिल्याच वाजवण्यात सुईवर पांढरट चिकटा होऊन जमतो. असं झालं तर रेकॉर्ड पुन्हा साध्या डिस्टिल्ड वॉटरनं पुसून घ्या.

रेकॉर्ड उभी ठेवून पूर्ण वाळू द्या, निदान अर्धा तास. आणि धुतलेली रेकॉर्ड त्याच जुन्या, धुळीनं भरलेल्या आतल्या पाकिटात परत घालू नका. नवं, आतून प्लास्टिकचं अस्तर असलेलं पाकीट घ्या. घरात 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या असतील तर त्यांना अल्कोहोलचं कुठलंच द्रावण लावू नका. त्या बहुतेक शेलॅकच्या असतात आणि अल्कोहोलमध्ये शेलॅक विरघळतं.

ठेवताना

रेकॉर्ड उभ्याच ठेवायच्या, एकावर एक आडव्या कधीच नाहीत. पण उभ्या म्हणजे ताठ उभ्या. अर्धं रिकामं कपाट आणि त्यात एका बाजूला कललेल्या पंधरा-वीस रेकॉर्ड, हे मी सगळ्यात जास्त घरांत पाहते. कललेली रेकॉर्ड स्वतःच्याच भारानं हळूहळू वाकते. रिकाम्या जागेत टेकू लावा. एक रेकॉर्ड सहज खेचून काढता येईल इतकीच दाटी असावी. फळी मजबूत हवी, शंभर एलपी कव्हरांसकट पंचवीस किलोच्या आसपास भरतात. नव्या रेकॉर्डवरचं आक्रसलेलं प्लास्टिक काढून टाका, उष्णतेत ते आणखी आवळतं आणि रेकॉर्ड वाकवतं. ऊन, रेडिएटर आणि बंद गाडी यांपासून लांब ठेवा.

जोडताना

आवाज अगदी क्षीण आणि पोकळ येत असेल, खर्ज नसेलच, तर सुईचा क्षीण सिग्नल वाढवणारा फोनो प्रीअँप मधे नाही. आवाज प्रचंड मोठा आणि फाटका असेल तर दोन प्रीअँप एकामागे एक लागलेत, टर्नटेबलच्या मागचं बटण लाइनवर आणि वायर अँप्लिफायरच्या फोनो सॉकेटमध्ये. दोन्हीपैकी एकच ठेवा. सतत घुंऽऽ ऐकू येत असेल तर टर्नटेबलची अर्थिंगची बारीक वायर अँप्लिफायरच्या स्क्रूला लावा. आवाज वाढवल्यावरच घुमत असेल, तर स्पीकर टर्नटेबलच्याच टेबलावर असतील. ते खाली उतरवा.