हर्ट्झचे मिलिसेकंद करताना या चुका टाळा: डीपीचा आवाज २० ऐवजी १० का दाखवतो

आवाजाची वारंवारिता हर्ट्झमध्ये दिली असेल, तर १००० ला त्या आकड्यानं भागायचं. दोलनकाल मिलिसेकंदांत मिळतो.

```
T (ms) = 1000 / f (Hz)
```

एवढं सोपं असूनही नववी-दहावीच्या वह्या तपासताना माझं लाल पेन याच गणितावर सगळ्यात जास्त चालतं. भागाकार चुकलेला क्वचितच दिसतो. १००० भागिले काय, हे मुलांनी नीट ठरवलेलं नसतं. आणि एखादं पोरगं खरा आवाज रेकॉर्ड करून मोजायला बसलं, तर सूत्रच खोटं वाटावं असं उत्तर समोर येतं.

सोलापुरात त्यासाठी हाताशी असलेला आवाज म्हणजे डीपीचा, म्हणजे गल्लीतल्या ट्रान्सफॉर्मरचा. पूर्व भागात यंत्रमाग चालू असताना तो खडखडाटात बुडून जातो, पण सुट्टीच्या दिवशी माग बंद असले की कुंपणाबाहेर उभं राहूनही ती घूं घूं स्वच्छ ऐकू येते. (कुंपणाबाहेरच उभं राहायचं, आत हात घालायचा नाही, हे मी मुलांना दरवेळी सांगतो.) फोनवर अर्धा मिनिट रेकॉर्डिंग करायचं, फाइल संगणकावर Audacity या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडायची आणि लाट एकेक वळण दिसेल इतकी मोठी करायची.

मुलांचा हिशेब आधीच तयार असतो. आपली वीज ५० हर्ट्झची, १००० भागिले ५० म्हणजे २०, तेव्हा लाट दर २० मिलिसेकंदांनी पुन्हा तशीच दिसायला हवी. पडद्यावर मात्र ती दर १० मिलिसेकंदांनी फिरून येते. मग प्रश्न ठरलेला: "सर, सूत्र चुकलं का?"

सूत्र बरोबर आहे, त्यात घातलेला आकडा चुकला. ५० हर्ट्झ ही विजेच्या प्रवाहाची वारंवारिता आहे, आवाजाची नाही. ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यातलं पोलाद चुंबकीकरण झालं की किंचित ताणतं आणि ते उतरलं की मूळ मापावर येतं. चुंबकत्वाची दिशा कोणती, याच्याशी त्या ताणण्याला देणंघेणं नसतं. प्रवाहाच्या एका आवर्तनात चुंबकत्व दोनदा शिगेला पोचतं, एकदा या दिशेनं आणि एकदा उलट. म्हणून गाभा सेकंदाला १०० वेळा थरथरतो आणि हवेतही १०० हर्ट्झचाच आवाज जातो. १००० भागिले १००, उत्तर १० मिलिसेकंद. गणित करण्याआधी ही वारंवारिता नेमकी कशाची, हे विचारलं असतं तर इथे अडायचं कारणच नव्हतं.

हे समजल्यावरही मोजताना दुसरा खड्डा असतो. डीपीचा आवाज शुद्ध १०० हर्ट्झचा नसतो, त्यात २००, ३०० हर्ट्झचे वरचे सूरही मिसळलेले असतात. त्यात फोनचा माइक खालचे सूर कमी पकडतो, म्हणून रेकॉर्डिंगमध्ये हे वरचेच ठसठशीत दिसतात. परिणामी १० मिलिसेकंदांच्या एका फेरीत दोन-तीन शिखरं येतात. उतावळा माणूस लगतची दोन शिखरं पकडतो, मधलं अंतर ५ मिलिसेकंद मोजतो आणि वारंवारिता २०० लिहून मोकळा होतो. शिखरं मोजू नका. लाटेचा एखादा ओळखू येणारा तुकडा निवडा, समजा उंच शिखर आणि त्याच्या पाठीमागचा बसका खड्डा, आणि तोच जोड पुन्हा कुठे येतो ते बघा. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंतचं अंतर म्हणजे एक दोलनकाल.

साध्या, गुळगुळीत लाटेतही असाच घोटाळा होतो, फक्त वेगळ्या कारणानं. रेघ शून्यातून वर जाते तिथे खूण करतात आणि ती पुन्हा शून्याला येते तिथे दुसरी. पण दुसऱ्या ठिकाणी ती खाली उतरत असते. हे अर्धंच आवर्तन झालं, दोलनकाल निम्मा आला आणि वारंवारिता दुप्पट. दोन्ही खुणांवर रेघ एकाच दिशेनं जात असली पाहिजे.

आता प्रत्यक्ष मोजणीकडे येऊ. Audacity मध्ये खाली निवडीची वेळ दिसते. तिथे मिलिसेकंदांचं रूप निवडलं तर पूर्ण मिलिसेकंदाखाली काही दिसत नाही आणि १० च्या मापात १ ची चूक म्हणजे दहा टक्के. म्हणून तिथे `samples` निवडा. प्रोजेक्टचा दर ४४,१०० असेल तर एका सेकंदाचे ४४,१०० तुकडे, म्हणजे एका मिलिसेकंदाचे ४४.१. एकच फेरी मोजलीत तर ती साधारण ४४१ तुकड्यांची भरते. पण कडा नेमकी कुठे, हे डोळ्यानं ठरवताना चार-पाच तुकडे इकडेतिकडे होतातच. ४४१ च्या जागी ४४६ धरलेत तर १०.११ मिलिसेकंद येतात, म्हणजे ९८.९ हर्ट्झ. दहा फेऱ्या एकत्र निवडा. डोळ्याची चूक तेवढीच राहते, पण ती दहा फेऱ्यांत वाटली जाते.

समजा दहा फेऱ्यांचे ४,४१३ तुकडे आले. भागिले ४४.१ केल्यावर १००.०७ मिलिसेकंद. ही दहांची बेरीज, म्हणून एका फेरीला १०.००७. उलट करून पाहा, १००० भागिले १०.००७ म्हणजे ९९.९३ हर्ट्झ, आणि त्याचं निम्मं ४९.९७, ही विजेची वारंवारिता. देशाच्या ग्रिडची वारंवारिता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झच्या पट्ट्यात ठेवायची असते, तेव्हा हा आकडा बसतो. फोनवर, भिंतीआडून, एवढं नेमकं कळतं याचं मला अजून अप्रूप आहे.

उत्तर ९१.९ किंवा १०८.८ हर्ट्झ असं विचित्र येत असेल, तर लाटेवर संशय घेण्याआधी दर तपासा. बरेच फोन ४८,००० च्या दरानं रेकॉर्ड करतात. तिथे १० मिलिसेकंदांचे ४८० तुकडे होतात. ते सवयीनं ४४.१ नं भागले की १०.८८ मिलिसेकंद, म्हणजे ९१.९ हर्ट्झ. उलटी गल्लत केली की १०८.८. हे दोन आकडे दिसले तर लाट पुन्हा मोजत बसू नका, भाजक बदला. आणि ४४,१०० च्या पुढेही हर्ट्झच लिहिलेलं असतं, म्हणून काही जण थेट १००० भागिले ४४,१०० करून ०.०२३ मिलिसेकंद हा आवाजाचा दोलनकाल म्हणून लिहितात. तो एका तुकड्याचा वेळ आहे. मग कुठलाही आवाज घेतला तरी उत्तर तेच येतं, त्यावरून ही चूक पकडता येते.

रेकॉर्डिंगमध्ये घूं घूं जवळपास नसेलच, तर बहुधा फोनच्या रेकॉर्डरनं तिला नको असलेला गोंगाट समजून गाळलं आहे. एकसुरी आवाज दाबण्याची सोय काही ॲपमध्ये आपोआप चालू असते. ती बंद करा, नाहीतर दुसरं ॲप घ्या.

वहीतल्या चुकांबद्दल थोडक्यात. १ भागिले १०० करून ०.०१ आलं आणि पुढे मिलिसेकंद लिहिलं, ही सगळ्यात जुनी. ०.०१ हे सेकंद आहेत, मिलिसेकंद हवे तर १००० नं गुणायला हवं. किलोहर्ट्झ दिलेले असताना वर १००० ठेवायचं नाही. २ किलोहर्ट्झसाठी १००० भागिले २ करून ५०० लिहितात. एक तर आधी २००० हर्ट्झ करा, नाहीतर सरळ १ भागिले २ करा, दोन्हीकडून ०.५ मिलिसेकंदच येतात.

अशा चुका पकडायला मी मुलांना दोन टोकं पाठ करायला लावतो. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं. २० चा दोलनकाल ५० मिलिसेकंद आणि २०,००० चा ०.०५. म्हणजे कानाला ऐकू येणाऱ्या कुठल्याही सुराचं उत्तर ५० आणि ०.०५ च्या मधेच पडलं पाहिजे. ५०० आलं की लगेच कळतं. मधला टप्पाही सोपा आहे: १००० हर्ट्झला बरोबर १ मिलिसेकंद, त्याहून वरच्या सुरांना एकापेक्षा कमी आणि खालच्यांना जास्त. यातूनही निसटलं तर शेवटी वारंवारिता आणि मिलिसेकंद यांचा गुणाकार करा. तो १००० आला पाहिजे, किंवा आकडा तोडून लिहिला असेल तर १००० च्या अगदी जवळ.

किती जवळ, हे आकडा कुठे तोडला त्यावर ठरतं. ४४० हर्ट्झचा दोलनकाल २.२७२७... मिलिसेकंद. तो कुणी २.३ लिहिला आणि पुढच्या गणितात उलटा वापरला, तर ४३४.८ हर्ट्झ येतात, आणि गाणाऱ्याच्या कानाला हा फरक चांगलाच जाणवतो. २.२७३ लिहिलं तर ४३९.९५ येतात आणि काही बिघडत नाही. वरच्या सुरांना दशांशाचं एखादं घर जास्त ठेवा. डीपीच्या १० मिलिसेकंदांत जे घर फुकटचं वाटतं, ते ५००० हर्ट्झच्या ०.२ मिलिसेकंदांत लागतं.

उन्हाळ्यात हमखास येणारी आणखी एक गल्लत. ध्वनीचा वेग भागिले वारंवारिता करून आलेला आकडा दोलनकाल म्हणून खपवला जातो. १०० हर्ट्झसाठी ३.४ च्या आसपास येतं, आकडा लहानसा दिसतो म्हणून शंकाही येत नाही. ती तरंगलांबी आहे, आणि मीटरमध्ये. एप्रिल-मेमध्ये सोलापूर चाळिशी ओलांडतं तेव्हा हवेतला ध्वनीचा वेग सेकंदाला ३५५ मीटरच्या पुढे जातो, म्हणून तरंगलांबी थोडी वाढते. दोलनकाल १० मिलिसेकंदच राहतो, कारण तो गाभ्याच्या थरथरण्यानं ठरतो, हवेनं नाही.

उरला माग. त्याची खडखड मोजायला घेतली की मिनिटाचा आकडा पुढे येतो. मिनिटाला १२० फटके असं कारखान्यात सांगतात आणि मुलं १००० भागिले १२० करून ८.३ मिलिसेकंद काढतात. हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती. १२० भागिले ६० म्हणजे २ हर्ट्झ, तेव्हा दोन फटक्यांमधलं अंतर ५०० मिलिसेकंद. थेट करायचं असेल तर ६०,००० भागिले मिनिटाचे फटके. इथे मघाचं ५० आणि ०.०५ चं कुंपण लागू पडत नाही, कारण फटके कानाला सुटे ऐकू येतात, त्यांचा सूर होत नाही. आणि माग चालवणाऱ्या मोटरची घूं घूं मोजायची असेल तर फटक्यांच्या मधल्या शांत तुकड्यात बघा. तिथे बहुधा पुन्हा तीच १० मिलिसेकंदांची फेरी सापडेल.