साखरपुड्याआधी काढलेली टॅरो कार्डं: बहिणीला पत्र कसं लिहावं

मावसबहिणीचा साखरपुडा ठरला. स्थळ मनासारखं, पत्रिकेत 36 पैकी 27 गुण जुळलेले. तरी रात्री अकराला तिचा फोन आला. "ताई, माझ्यासाठी कार्डं काढ ना. हे लग्न टिकेल का?" ती नाशिकला नोकरी करते, मुलगा बंगळूरला. मी कार्डं काढली, पण अर्थ फोनवर सांगितला नाही, पत्रात लिहिला. घाबरलेलं माणूस फोनवर एखादाच शब्द धरून बसतं. पत्र पुन्हा वाचता येतं.

असं पत्र लिहायचं असेल तर सुरुवात कार्डं काढण्याआधीच होते, कारण आधी प्रश्न बदलून घ्यावा लागतो. "टिकेल का"चं उत्तर हो येवो की नाही, तिला करण्यासारखं काही उरत नाही. आम्ही दोघींनी मिळून प्रश्न असा केला: "साखरपुड्याआधी मी काय स्पष्ट बोलून घ्यायला हवं?" मग तीन जागा ठरवल्या: हातात काय आहे, अडतंय कुठे, करता काय येईल. जागा आधीच ठरवा. कार्डं पाहून ठरवल्या की आपण हवा तो अर्थ त्यांना चिकटवतो.

तिच्यासाठी टू ऑफ कप्स, एट ऑफ सोर्ड्स आणि द लव्हर्स ही कार्डं निघाली. माझा संच 1909 साली लंडनमध्ये निघालेल्या, पामेला कोलमन स्मिथ यांनी चितारलेल्या कार्डांचा आहे.

पत्रात प्रत्येक कार्डासाठी आधी चित्रात काय दिसतं ते लिहा, मग त्याचा अर्थ, आणि शेवटी तिच्यासाठी एक प्रश्न. हा क्रम मोडू नका. चित्र तिच्याही डोळ्यांसमोर असलं की अर्थ तिला स्वतःला तपासता येतो, ताई म्हणते म्हणून मान्य करावा लागत नाही.

पहिल्या कार्डावर दोघं समोरासमोर उभे आहेत, हातात एकेक पेला. इथे दोन ओळी पुरल्या: तुमचं एकमेकांशी जमतं, हे तू मला आधीच सांगितलं आहेस.

वेळ द्यायचा तो भीतीच्या कार्डाला. एट ऑफ सोर्ड्समध्ये डोळ्यांवर पट्टी आणि अंगाभोवती दोर बांधलेली बाई आहे, आजूबाजूला आठ तलवारी रोवलेल्या. नुसतं नाव लिहून पाठवलं असतं तर ती रात्रभर जागली असती. मी लिहिलं:

"मनू, तिचे पाय बघ. ते मोकळे आहेत. तलवारींचं कुंपणही पुरतं नाही, समोरची बाजू उघडी आहे. तिला ते दिसत नाही, कारण डोळ्यांवर पट्टी आहे. नोकरी सोडावीच लागेल, असं तू फोनवर तीनदा म्हणालीस. हे त्यानं सांगितलं, की घरात सगळ्यांनी धरून चाललं आहे?"

द लव्हर्स पाहून "बघ, प्रेमाचंच कार्ड आलं!" असं लिहायचा मोह होतो. तो टाळा. जुन्या मार्सेय पद्धतीच्या संचात याच कार्डावर दोन स्त्रियांच्या मधे उभा असलेला तरुण आहे आणि वर बाण रोखलेला मदन. म्हणून हे कार्ड निवडीचं मानलं जातं. मी तिला लिहिलं की नाशिक, बंगळूर किंवा वर्षभर दोन्हीकडे, यातलं काय चालेल हे आधी स्वतःशी ठरव आणि मग त्याच्याशी बोल.

कच्चं पत्र झालं की क्रियापदं तपासा. "होईल", "मिळेल", "येणार" दिसलं की थांबा. माझ्या पहिल्या मसुद्यात "तो तुझं ऐकेल" असं वाक्य होतं. त्याच्या मनातलं मला कुठून कळणार? ते खोडून "तू त्याला विचारू शकतेस" केलं. तारीख, मुहूर्त, सासूचा स्वभाव यांबद्दलही कार्डांवरून काही लिहू नका. आणि नको ते कार्ड निघालं म्हणून पुन्हा काढू नका. नाहीतर मनाजोगतं येईपर्यंत काढत राहायची सवय तिलाही लागते.

एका ठिकाणी मात्र कार्डं बाजूला ठेवायची. हुंड्याची मागणी, धमकी किंवा जबरदस्ती यांचा सूर तिच्या बोलण्यात आला, तर अर्थ लावत बसू नका. तिला भेटा, आणि तिची इच्छा असेल तर मावशी-काकांशी बोला.

पत्राचा शेवट मी असा केला: "कार्डं मी काढली, पण त्याला तू ओळखतेस, मी नाही. माझं काही पटलं नाही तर ते सोडून दे. बोलून झालं की फोन कर, कितीही वाजले असले तरी. तुझी ताई."

पाकिटात तिन्ही कार्डांचे फोटो घातले. आठ दिवसांनी फोन आला. तिनं नोकरी सोडून बंगळूरला यायलाच हवं, हे त्याच्या डोक्यातही नव्हतं. त्याला वाटत होतं, तिलाच तिकडे यायचं आहे.