कारखान्यातील कार्यक्रमाचे औपचारिक निमंत्रण ईमेलने कसे पाठवावे

चाकण औद्योगिक परिसरातील म्हाळुंगे येथे एका कारखान्याच्या नव्या पेंट शॉपचे उद्घाटन आहे आणि त्यासाठी ग्राहक कंपन्यांचे खरेदी अधिकारी व पुरवठादार यांना बोलवायचे आहे, असे समजू. सभागृहातील समारंभाला पाहुणा थोडा उशिरा आला किंवा वेगळ्या कपड्यांत आला तरी निभावून जाते. कारखान्यात मात्र पास नसेल तर सुरक्षारक्षक त्याला फाटकावरच थांबवतात. त्यामुळे पाहुण्याला घरून निघण्यापूर्वी जे कळायला हवे, ते सगळे या ईमेलमध्येच आले पाहिजे.

सुरुवात विषयाच्या ओळीपासून करावी. ‘सप्रेम निमंत्रण’ एवढेच लिहिले, तर आठवड्याने तो ईमेल शोधणाऱ्याला काहीच सापडत नाही. त्याऐवजी ‘निमंत्रण: पेंट शॉप उद्घाटन, शुक्रवार, ११ डिसेंबर २०२६, म्हाळुंगे’ असे लिहावे. तारखेबरोबर वार दिला की आकडा लिहिण्यात झालेली चूक लगेच लक्षात येते. पुढे मजकूर असा ठेवता येईल:

‘सस्नेह नमस्कार. आमच्या म्हाळुंगे येथील कारखान्यातील नव्या पेंट शॉपचे उद्घाटन शुक्रवार, ११ डिसेंबर २०२६ रोजी सकाळी ११ वाजता होणार आहे. या प्रसंगी आपण उपस्थित राहावे, ही आग्रहाची विनंती. प्रवेशाच्या नोंदीसाठी कृपया १०:३० पर्यंत मुख्य फाटकावर पोहोचावे. उद्घाटनानंतर कारखान्याची पाहणी व दुपारी १ वाजता भोजन आयोजित केले आहे.’

हा मजकूर चित्राच्या स्वरूपातील निमंत्रणपत्रिकेवर सोडू नये. अनेक कंपन्यांच्या ईमेल व्यवस्थेत बाहेरून आलेली चित्रे आपोआप उघडत नाहीत आणि पाहुण्यासमोर कोरी चौकट येते. पत्रिका जोडायला हरकत नाही, पण तपशील अक्षरांतच हवा.

उपस्थिती कळवण्याच्या परिच्छेदाला सर्वाधिक वेळ द्यावा. ‘कृपया उपस्थिती कळवावी’ एवढ्यावर थांबले, तर उत्तरात नुसते ‘नक्की येतो’ येते आणि पास बनवण्यासाठी पुन्हा फोन करावे लागतात. म्हणून काय कळवायचे ते स्पष्ट मागावे: येणाऱ्या प्रत्येकाचे पूर्ण नाव व हुद्दा, गाडीचा क्रमांक, सुरक्षा बुटांचे माप आणि जैन भोजन हवे असल्यास तसा उल्लेख. मुदत कार्यक्रमाच्या साधारण आठवडाभर आधीची, म्हणजे बुधवार, २ डिसेंबरची ठेवावी, कारण पास, बूट आणि केटररला द्यायचा आकडा या तिन्ही गोष्टी त्या यादीवर ठरतात. उत्तर कोणाकडे पाठवायचे, तेथे एकाच व्यक्तीचे नाव, ईमेल आणि मोबाइल क्रमांक द्यावा. दोन नावे दिली की याद्याही दोन होतात. येणे शक्य नसल्यास तेही कळवावे, असे आवर्जून लिहावे. पाहुण्यांचे पत्ते Bcc मध्ये टाकावेत, नाहीतर स्पर्धक पुरवठादारांना एकमेकांची नावे दिसतात.

पोशाखाबद्दल ‘फॉर्मल’ हा एकच शब्द येथे अपुरा आहे. रंगकामाच्या विभागात कपड्यांचे तंतू ओल्या रंगावर बसतात आणि केसांच्या काही उत्पादनांतील सिलिकॉनमुळे रंगात बारीक खळगे पडतात. म्हणून सूचना कारणासह द्यावी: ‘कार्यालयीन पोशाख व पाय पूर्ण झाकणारी पादत्राणे असावीत. लोकरीचे कपडे, सैल ओढणी किंवा पदर आणि केसांचा स्प्रे कृपया टाळावा. रंगाच्या पृष्ठभागावर त्यांचा परिणाम होतो. कोट, टोपी व सुरक्षा बूट आम्ही देऊ.’ कारण समजले की पाहुण्याला सूचना जाचक वाटत नाही. साडी नेसून येणाऱ्या पाहुण्यांसाठी काचेपलीकडून पाहणीची सोय असेल, तर तेही याच ठिकाणी लिहावे.

रस्ता सांगताना नकाशाची लिंक द्यावी, पण ती आधी स्वतः मोबाइलवर उघडून पाहावी. कारखान्याच्या नावाची खूण कधी मालाच्या फाटकावर असते आणि पाहुणा ट्रकांच्या रांगेत अडकतो. लिंक मुख्य फाटकाचीच असावी आणि जवळची ठळक खूण शब्दांत लिहावी. पुण्याहून येणाऱ्यांना ‘नाशिक फाटा, मोशी, चाकणच्या तळेगाव चौकातून डावीकडे’ असा मार्ग सांगावा आणि या चौकात सकाळी कोंडी होते, तेव्हा वेळ हाताशी ठेवावा, असेही लिहावे. मुंबईहून येणाऱ्यांनी द्रुतगती मार्गावरून तळेगावला उतरून तळेगाव-चाकण रस्ता धरला, तर त्यांना चाकण गावात शिरावे लागत नाही. सोबत मूळ ओळखपत्र आणावे, ही सूचनाही येथेच द्यावी, कारण पाहुणा निघताना हाच परिच्छेद उघडतो.

कार्यक्रमाच्या दोन दिवस आधी, होकार आलेल्यांनाच स्मरणाचा छोटा ईमेल पाठवावा. त्यात फाटकाची लिंक, पोहोचण्याची वेळ आणि त्या सकाळी फोन उचलणाऱ्या व्यक्तीचा क्रमांक, एवढेच ठेवावे.