विज्ञानाचे सत्तर गुण बेरजेत आलेच नव्हते

नववीच्या गुणपत्रिका एक्सेलमध्ये तयार करून छापायला देणार, तेवढ्यात एका मुलीच्या ओळीवर नजर अडली. मराठी 72, हिंदी 68, इंग्रजी 61, गणित 74, विज्ञान 70, समाजशास्त्र 66. एकही विषय साठच्या खाली नाही, तरी टक्केवारी 56.83 आणि द्वितीय श्रेणी! हे शक्यच नव्हतं.

कागदावर बेरीज केली: 411. शीटवर 341. बरोबर 70 चा फरक, म्हणजे विज्ञान सुटलं होतं. विज्ञानाच्या सरांनी पाठवलेले गुण मी कॉपी करून चिकटवले होते. त्या एका आकड्यामागे स्पेस होती. एक्सेलने तो मजकूर मानला, आणि SUM मजकूर मुकाट्याने वगळतो, चूक दाखवत नाही. एरवी असा आकडा डावीकडे सरकलेला दिसतो, पण मी सगळे रकाने मध्यभागी केले होते.

आकडा हाताने पुन्हा टाइप केला. 411 भागिले 600, म्हणजे 68.5 टक्के, प्रथम श्रेणी.

मग प्रत्येक ओळीपुढे हे लावलं:

```
=COUNT(C14:H14)
```

COUNT फक्त आकडे असलेले रकाने मोजतो, म्हणून सहा विषयांना उत्तर 6 यायला हवं. आणखी दोन मुलांचं 5 आलं. त्यातला एक खरोखर गैरहजर होता, त्याच्यापुढे ‘गैह’ लिहिलेलं होतं. दुसऱ्याचे गुण मात्र असेच हरवले होते. चुकीचा आकडा टाइप झाला असेल तर COUNT ला कळत नाही, म्हणून मूळ गुणयादीशी ताडून पाहिलंच.