क्वालिटी इन्स्पेक्टरच्या मुलाखतीआधीची तयारी: गुणपत्रक कसं आखायचं

बडोद्यात मकरपुऱ्याच्या जीआयडीसीतल्या छोट्या मशीन शॉपला क्वालिटी इन्स्पेक्टर हवा असला, की मुलाखतीचा निकाल बऱ्याचदा पहिल्या दोन मिनिटांतच लागतो. मुलगा आत येतो, आडनाव मराठी निघतं, मालक विचारतात, "दांडिया बाजारात कुठे राहता?" आणि त्याच्या काकांची ओळख निघते. उरलेल्या वेळात सगळे प्रश्न सोपे होत जातात. गडबडून आत आलेल्या मुलाचं उलटं होतं, त्याचं बरोबर उत्तरही कच्चं वाटतं. हे थांबवायचं असेल तर बहुतेक काम उमेदवार दारात येण्याआधीच उरकावं लागतं.

सुरुवात मुलाखतीच्या दोन-तीन दिवस आधी करा. शॉपच्या सुपरवायझरसोबत बसून या माणसाकडून नेमकं काय हवंय ते चार ओळींत लिहा. ड्रॉइंग वाचून अचूक मोजता येणं, घाईच्या वेळी खराब माल अडवता येणं, नोंदी स्वच्छ ठेवणं आणि ऑपरेटरला चूक नीट समजावून सांगणं. चारच्या पुढे जाऊ नका, मग एका ओळीचं दुसरीत मिसळायला लागतं. "स्मार्ट", "ॲक्टिव्ह", "पर्सनॅलिटी" असले रकाने तर मुळीच नकोत. पहिल्या छापेला गुण द्यायची ती अधिकृत जागाच होते. एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1920 मध्ये दाखवलं, की सैन्यातले अधिकारी हाताखालच्या माणसांची शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि स्वभाव यांना वेगवेगळे गुण देत होते खरे, पण ते सगळे संशयास्पदरीत्या एकमेकांसोबत वरखाली जात होते. एका गोष्टीची चमक बाकीच्यांवर पसरते, यालाच हेलो इफेक्ट म्हणतात.

मग प्रत्येक ओळीसाठी एक प्रश्न ठरवा आणि तो सगळ्यांना त्याच शब्दांत, त्याच क्रमाने विचारा. मोजमापासाठी प्रश्नापेक्षा प्रत्यक्ष काम बरं. टेबलावर एक बुश, बोअर गेज, मायक्रोमीटर आणि ड्रॉइंग ठेवा. ड्रॉइंगवर बोअर 25 H7, म्हणजे 25.000 ते 25.021 मिलिमीटर चालेल. बुश मुद्दाम 25.03 चा निवडा. उमेदवाराने मोजावं, पास की नापास ते सांगावं आणि पुढे काय करता येईल तेही सांगावं. भोक मोठं झालंय, आता त्यात धातू परत घालता येत नाही, हे त्याच्या लक्षात येतंय का ते पाहा. लहान असतं तर रिवर्क झालं असतं. हा फरक ज्याला आपणहून सुचतो त्याने हे काम केलेलं आहे.

अडवण्याच्या ओळीसाठी प्रसंग सांगा: "संध्याकाळचे सहा वाजलेत, टेम्पो गेटवर उभा आहे, चाळीस नगांचा लॉट जायचाय. तुम्ही पाच तपासले, दोन नापास निघाले. सुपरवायझर म्हणतो, जाऊ द्या. काय कराल?"

यानंतरचं काम सगळ्यात जास्त वेळ घेतं आणि नेमकं तेच लोक टाळतात: 1, 3 आणि 5 गुणांना कोणतं उत्तर, हे आधी लिहून ठेवायचं. वरच्या प्रश्नाला "सुपरवायझर म्हणतील तसं" हा 1. लॉट थांबवून मालकांना फोन, हा 3. लॉट थांबवणं, आपलं गेज मास्टरवर पुन्हा तपासणं, चाळीसही नग मोजून चांगले वेगळे काढून तेवढे रवाना करणं, नापास नगांना लाल टॅग आणि कोणत्या मशीनवर झाले याची नोंद, हा 5. मधल्या उत्तरांना 2 किंवा 4. असे नमुने लिहिले नाहीत तर एकाचा 4 म्हणजे दुसऱ्याचा 2 ठरतो आणि आकडा नुसता आवडीचा राहतो.

वजनही आधीच ठरवा, उमेदवार पाहून नाही. या कामाला मोजमाप 3, अडवणं 3, नोंदी 2, बोलणं 1, म्हणजे एकूण 45. शिवाय मोजमापात 3 पेक्षा कमी पडले तर बेरीज कितीही असो, निवड नाही.

मुलाखतीच्या सकाळी प्रत्येक परीक्षकाला वेगळा कागद द्या. कागदावर फक्त उमेदवाराचा क्रमांक असावा. कॉलेज, पत्ता, कोणाची शिफारस, हे सुपरवायझरच्या हातात पडायलाच नको. ओळखीपाळखीच्या गप्पा शेवटच्या प्रश्नानंतर खुशाल मारा. भाषा उमेदवाराला निवडू द्या. शॉपमध्ये दिवसभर गुजराती आणि हिंदी चालते, तेव्हा मराठी छान बोलण्याला कोणत्याही ओळीत गुण नाहीत, आणि इंग्रजीलाही नाहीत.

गुण प्रत्येक उत्तर संपताच लिहायचे, पुढचा प्रश्न विचारण्याआधी, आणि शेजारी उमेदवाराने काय म्हटलं ते त्याच्याच शब्दांत. शेवटी एकदम लिहायला बसलं की सगळ्या ओळींत एकच मत उतरतं. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन 1950 च्या दशकात इस्रायली सैन्यात मुलाखतींची पद्धत बसवत होते, तेव्हा त्यांनी हेच केलं: सहा स्वभावगुण, एकेक करून, पहिल्याला आकडा दिल्यावरच दुसरा. मुलाखतकार चिडले, तेव्हा सगळे आकडे झाल्यानंतर मनाचा कौल द्यायची मुभा त्यांनी दिली, आणि तो कौलही उपयोगी ठरला. तोही रकाना ठेवा, पण अगदी शेवटी.

दोन उमेदवार घेऊन पाहू. पहिला मोकळा, हसतमुख. त्याला ओळींच्या क्रमाने 2, 3, 2, 5. वजनाने 6, 9, 4 आणि 5, बेरीज 24. दुसरा खाली बघून बोलतो, पण बुश हातात घेतल्यावर आधी गेजचा झिरो तपासतो. त्याला 5, 4, 4, 2. वजनाने 15, 12, 8 आणि 2, बेरीज 37. चहा पिताना विचारलं असतं तर बहुतेकांनी पहिल्याचंच नाव घेतलं असतं.

कागद गोळा झाल्यावर बेरजेआधी ओळी वाचा. कोणा परीक्षकाने एकाला 4, 4, 4, 4 आणि दुसऱ्याला 2, 2, 2, 2 दिले असतील, तर शेजारी लिहिलेले शब्द मागा. शब्द नसतील तर ते गुण छापेचे आहेत, तो कागद बाजूला ठेवा. एकाच ओळीत दोघांमध्ये दोन किंवा जास्त गुणांचा फरक असेल तर लगेच सरासरी काढू नका. दोघांनी काय ऐकलं ते वाचून दाखवा, नमुन्याशी ताडून पाहा. मालकांनी शेवटी बोलावं. ते आधी बोलले की सुपरवायझरचा 2 चा 4 व्हायला वेळ लागत नाही.

45 पैकी 34 आणि 36 यांत निवड करायला हे गुणपत्रक पुरत नाही. तेवढा फरक परीक्षकाच्या मनःस्थितीतूनही येतो. अशा वेळी दोघांना अर्धा दिवस शॉपमध्ये पगारी कामावर बोलवा आणि एकाच लॉटचे वीस नग मोजायला द्या. प्रामाणिकपणाबद्दलही कागद एवढंच सांगतो की उत्तर माहीत आहे. गेटवर टेम्पो उभा असताना तो तसा वागेल का, हे जुन्या सुपरवायझरला फोन करून विचारावं लागतं, आणि तो प्रश्नही सगळ्यांसाठी सारखाच असावा.

निवड झाली की कागद फाडू नका. सहा महिन्यांनी त्या माणसाच्या कामाशी एकेक ओळ ताडून पाहा. नोंदींच्या प्रश्नाला सगळ्यांनाच 4 मिळत असतील, तर तो प्रश्न कोणालाच वेगळं काढत नाही. त्याऐवजी अर्धवट भरलेलं तपासणीचं पान देऊन त्यातल्या चुका शोधायला सांगा.