बिल वेळेत भरूनही क्रेडिट स्कोअर घसरला? कार्डाच्या हिशेबातल्या या चुका टाळा

मालवणात माझ्या मावसभावाचा होमस्टे आहे. मे महिन्याच्या गर्दीआधी त्याने एसी आणि गाद्या कार्डावर घेतल्या. महिनाअखेरीला, पावसाळा सरला की दोन खोल्या वाढवायच्या म्हणून कर्जाची चौकशी केली, तर स्कोअर उतरलेला. "दादा, एक बिल चुकलं नाय रे माझं," तो म्हणाला. खरंच चुकलं नव्हतं.

त्याच्याकडे तीन कार्डं. लिमिट 1,20,000, 50,000 आणि 30,000. स्टेटमेंटवरची बाकी अनुक्रमे 24,000, 44,000 आणि 6,000. म्हणजे लिमिटच्या मानाने वापर 20, 88 आणि 20 टक्के, आणि हा वापर जास्त दिसला की स्कोअर घसरतो. त्याने तिन्हींची सरासरी काढली आणि 43 टक्के धरले. इथेच पहिली चूक. टक्क्यांची सरासरी काढायची नसते. सगळी बाकी एकत्र, सगळी लिमिट एकत्र, मग भागाकार. 74,000 भागिले 2,00,000, म्हणजे 37 टक्के. (एकाच बँकेच्या दोन कार्डांची लिमिट बहुतेकदा सामायिक असते, ती दोनदा मोजू नका.)

दुसरी चूक जास्त महाग पडते. तो बिल भरायचा शेवटच्या तारखेला. व्याज लागत नाही, पण स्टेटमेंट 12 तारखेला निघालं की कर्जाच्या नोंदी ठेवून स्कोअर काढणाऱ्या क्रेडिट ब्युरोकडे साधारण तीच बाकी जाते. पैसे तुम्ही नंतर भरणार आहात, हे त्या आकड्याला ठाऊक नसतं. म्हणून मोठी खरेदी झाली असेल तर स्टेटमेंटच्या तीन-चार दिवस आधी, इथे 8-9 तारखेलाच भरा. रक्कम खात्यात जमा दिसायला एखाद-दोन दिवस जातात; 11 तारखेच्या रात्री भरून भरवसा ठेवू नका.

भरायचं कुठल्या कार्डावर, इथेही तो फसला असता. हाताशी 30,000 होते. पहिलं आणि तिसरं कार्ड शून्यावर आणायचं त्याच्या मनात होतं, कारण "दोन तरी मिटतात". मोकळं वाटतं खरं. एकूण वापर 22 टक्क्यांवर येतो, पण मधलं कार्ड 88 वरच राहतं, आणि एखादं कार्ड गळ्यापर्यंत भरलेलं असणंही स्कोअरला जाचतं. तेच 30,000 मधल्या कार्डावर टाकले तर एकूण तेच 22 टक्के, आणि कार्डावर उरतात 14,000, म्हणजे 28 टक्के. बाकीची दोन 20 वरच.

लवकर भरल्यावर स्टेटमेंट निघेपर्यंत त्याच कार्डावर पुन्हा खरेदी केलीत तर सगळं पाण्यात. आणि स्टेटमेंटवर उरलेले 14,000 शेवटच्या तारखेआधी भरायचेच आहेत. आगाऊ भरलेले 30,000 त्यातून पुन्हा वजा होत नाहीत.

बँकांनी ब्युरोला किमान पंधरवड्याने माहिती द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू झाला; म्हणजे भरलेली रक्कम ब्युरोकडे लगेच दिसत नाही. त्यामुळे अर्ज करण्याआधी ब्युरोचा रिपोर्ट उघडा, वर्षातून एकदा तो फुकट मिळतो, आणि प्रत्येक कार्डासमोरची बाकी कोणत्या तारखेची आहे ते बघा. ती तारीख तुमच्या भरण्याच्या आधीची असेल तर नवी बाकी दिसेपर्यंत थांबून मगच अर्ज करा.